नाशकात जुने आरएक्स ५८० विकत घेताना

“आरएक्स ५८०, ८ जीबी. फक्त गेमिंगसाठी वापरलेले. किंमत ७,००० रुपये, समक्ष भेटीत थोडे कमी-जास्त होईल.” इंदिरानगरात राहणाऱ्या आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने जुन्या ग्राफिक्स कार्डाची ही जाहिरात मला पाठवली आणि खाली एवढेच विचारले, “मामा, घेऊ का?” त्या आठवड्यात त्याने याच कार्डाच्या आणखी चार जाहिराती पाठवल्या. पाचही जाहिरातींत कार्डाचे नाव एकच होते, मात्र या नावाखाली मिळणारा प्रत्यक्ष माल किमान तीन प्रकारचा असतो. हे तीन प्रकार एकमेकांपासून कसे ओळखायचे आणि त्यांपैकी कोणते कार्ड माइनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन मिळवण्यासाठी दिवसरात्र चालणाऱ्या आकडेमोडीत, राबलेले आहे हे कसे ताडायचे, एवढ्याच विषयावर हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी मुद्दाम एकच कार्ड घेतले आहे, कारण आरएक्स ५८० हे माइनिंगसाठी भरपूर वापरले गेलेले, भरपूर नावे बदललेले आणि सात-आठ हजारांच्या आत आजही सहज सापडणारे कार्ड आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने एकाला लागून एक आहेत आणि चार ठिकाणी विचारल्यावर भावाचा अंदाज येतो. नाशकात तशी सोय नाही. येथे जुने कार्ड बहुतेक वेळा ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर अनोळखी माणसाकडून घ्यावे लागते आणि फसवणुकीची पहिली पायरी तिथेच असते.

त्या पाच जाहिरातींपैकी दोन आम्ही घरबसल्याच बाद केल्या. पहिलीतील विक्रेत्याने आपण देवळाली कॅम्पमध्ये लष्करात असून अचानक बदली झाल्यामुळे सामान विकत असल्याचे सांगितले, न मागताच ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि कार्ड “आर्मीच्या पार्सलने” घरपोच येईल, फक्त १,५०० रुपये आगाऊ द्यावेत, असे कळवले. लष्करी जवान असल्याची ही बतावणी देशभर इतकी चालते की तिच्याविषयी पोलिसांनी वेळोवेळी इशारे दिलेले आहेत. नाशिककरांच्या बाबतीत तिला देवळालीमुळे खरेपणाचा जास्तीचा मुलामा चढतो, एवढाच फरक. दुसऱ्या जाहिरातीतील फोटो अतिशय स्वच्छ होते. ते गूगल लेन्समध्ये टाकले तेव्हा तेच फोटो एका परदेशी विक्री संकेतस्थळावर दिसले. तरीही खात्री करावी म्हणून भाच्याने विक्रेत्याला कार्डाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून, अनुक्रमांकाचे स्टिकर दिसेल असा फोटो मागितला. त्यानंतर उत्तर आले नाही.

हा तारखेचा कागद बिनखर्चाचा आणि फार उपयोगी आहे, कारण ज्याच्या हातात कार्ड आहे त्याला असा फोटो काढायला मिनिटभर लागतो आणि ज्याच्याकडे कार्डच नाही त्याला तो सहजासहजी काढता येत नाही. पैशांच्या बाबतीत इतकेच लक्षात ठेवावे की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. “टोकन परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा” असे कोणी म्हणाले, तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढू पाहत आहे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

उरलेल्या तिघांपैकी एकाने भेटण्याची तारीख तीनदा बदलली, म्हणून त्याला सोडले. दोन कार्डे प्रत्यक्ष पाहिली. एक सिडकोत होते आणि दुसरे पंचवटीत.

एका नावाची तीन कार्डे

सिडकोत जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मूळ आरएक्स ५८० एएमडी या कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये बाजारात आणले. त्याच वेळी आरएक्स ५७० हे त्याचे धाकटे भावंडही आले. दोन्हींची चिप एकाच घडणीची आहे. फरक इतकाच, की ५८० मध्ये चिपचे ३६ गट चालू असतात आणि ५७० मध्ये ३२. प्रत्येक गटात ६४ शेडर असतात. शेडर म्हणजे चित्रातील ठिपक्यांचा हिशेब करणारे छोटे गणनघटक. द्राक्षाच्या खुडणीला ६४ मजुरांच्या ३६ टोळ्या आल्या की ३२, असा हा प्रश्न आहे. ३६ टोळ्यांचे २३०४ मजूर होतात आणि ३२ टोळ्यांचे २०४८. या लेखातून दोनच आकडे लक्षात ठेवायचे असतील, तर ते हेच.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये एएमडीनेच चीनच्या बाजारासाठी “RX 580 2048SP” नावाचे कार्ड काढले. नावात ५८० असले तरी त्यात २०४८ शेडर आहेत, म्हणजे गुणाने ते ५७० च आहे. मेमरीचा वेगही साधारणपणे ५७० चाच असतो. मूळ ५८० मध्ये मेमरी २००० मेगाहर्ट्झवर चालते आणि सेकंदाला २५६ जीबी माहिती हलवते, तर ५७० मध्ये ती १७५० मेगाहर्ट्झवर २२४ जीबी हलवते. हे कार्ड कायदेशीर आहे, कंपनीचेच आहे आणि वाईटही नाही. मात्र चीनबाहेर पडल्यावर खोक्यावरचे, जाहिरातीतले आणि विक्रेत्याच्या तोंडचे “2048SP” हे शेपूट गळून पडते आणि ग्राहक ५७० साठी ५८० चे पैसे मोजतो. फारशा न ऐकलेल्या नावांची, चकचकीत नव्या आवरणाची आणि “नवीन” म्हणून विकली जाणारी अनेक ५८० कार्डे याच जातीची असतात. त्यांपैकी काहींत जुन्या कार्डांवरून काढलेली चिप आणि मेमरी नव्या बोर्डावर बसवलेली असते, त्यामुळे पंखा नवा आणि काळीज जुने अशी स्थिती होते.

तिसरा प्रकार मात्र उघड फसवणुकीचा आहे. कार्डावर एका छोट्या चिपमध्ये बायॉस साठवलेला असतो. त्यात कार्डाची ओळख, वेग आणि मेमरीचे वेळापत्रक लिहिलेले असते. ४७०, ४८०, ५७० आणि ५८० या चारही कार्डांचा मूळ ओळख-क्रमांक `67DF` हा एकच आहे. म्हणूनच ५७० वर ५८० चा बायॉस चढवला की संगणक त्याला ५८० म्हणू लागतो, आणि हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. बंद केलेले चार गट मात्र बायॉस बदलून उघडत नाहीत. नाव बदलले तरी मजूर २०४८ च राहतात.

यावरून हे स्पष्ट व्हावे की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये “RX 580” दिसणे हा कसलाही पुरावा नाही. सिडकोतल्या विक्रेत्याने दार उघडल्याबरोबर आम्हाला तेच दाखवले.

सिडकोतले कार्ड

आम्ही भाच्याचा कॅबिनेट रिक्षात घालून सोबत नेला होता. हे अनेकांना अति वाटेल, पण स्वतःच्या यंत्रावर, स्वतः टाकलेल्या कोऱ्या विंडोजवर आणि एएमडीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ड्रायव्हरवर कार्ड चालवून पाहण्याला पर्याय नाही. त्याचे कारण पंचवटीच्या कार्डाच्या वेळी कळेल. पेन ड्राइव्हवर तीन मोफत प्रोग्रॅम होते. ओळख वाचण्यासाठी GPU-Z, तापमान आणि चुका पाहण्यासाठी HWiNFO64, आणि कार्डाला राबवण्यासाठी Unigine Heaven.

GPU-Z ही एकच छोटी फाइल आहे आणि ती बसवावी लागत नाही. ती उघडल्यावर एक खिडकी दिसते. तिच्यातील पहिल्या ओळीत लिहिलेले नाव सोडून द्यावे आणि नजर थेट `Shaders` या रकान्यावर न्यावी. सिडकोतल्या कार्डाचा रकाना असा होता:

```
Name       AMD Radeon RX 580 2048SP
Device ID  1002 6FDF
Shaders    2048 Unified
Memory     1750 MHz
```

येथे `6FDF` हा ओळख-क्रमांक खास 2048SP साठीचा आहे. म्हणजे कोणी बायॉस बदललेला नव्हता. कार्ड जसे बनले तसेच होते, फक्त जाहिरातीत अर्धे नाव लिहिले होते. विक्रेता स्वतःही गोंधळला. त्याने ते दीड वर्षापूर्वी ऑनलाइन “नवीन” म्हणून घेतले होते आणि आपल्याकडे अस्सल ५८० आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. जुन्या मालाच्या व्यवहारात असे पुष्कळदा होते. फसवणारा दोन हात मागे असतो आणि समोरचा माणूस स्वतःच फसलेला असतो. म्हणून आवाज चढवण्यापेक्षा आकडा दाखवावा आणि ५७० च्या भावाची बोलणी करावी. तो ७,००० वरून ६,००० पर्यंत खाली आला. भाच्याला हवे होते त्यापेक्षा हे कार्ड कमी ताकदीचे असल्याने आम्ही नम्रपणे नकार दिला.

रकान्यात `67DF` दिसले असते आणि तरीही शेडर २०४८ असते, तर नाव ५८० असूनही ते बायॉस चढवलेले ५७० किंवा ४७० ठरले असते. आणखी एक मेळ पाहण्यासारखा आहे. `Subvendor` या रकान्यात बोर्ड कोणत्या कंपनीचा आहे ते लिहिलेले असते. पंख्याच्या आवरणावर एका कंपनीचे नाव आणि या रकान्यात दुसऱ्या कंपनीचे नाव असेल, तर एकतर परक्या कार्डाचा बायॉस चढवला आहे किंवा दोन कार्डांचे भाग एकत्र केले आहेत. दोन्ही प्रसंगी तेथून निघावे.

याहून स्वस्तात, म्हणजे दोन-अडीच हजारांत “जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी” शोधणाऱ्यांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. त्या नावाखाली २०१०-११ सालची जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय ही कार्डे बायॉस बदलून विकली गेली आहेत. खऱ्या १०५० टीआय मध्ये ७६८ शेडर असतात, त्या जुन्या कार्डांत १९२. GPU-Z च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्या अशी कार्डे ओळखून नावाआधी `[FAKE]` असे लिहितात. प्रोग्रॅम उघडण्याचीही गरज नाही असे एक लक्षण म्हणजे मागच्या पट्टीवरचे मॉनिटरचे जुने निळे व्हीजीए छिद्र. १०५० टीआय च्या पिढीतील चिपमधून तो जुन्या पद्धतीचा संकेत निघतच नाही, त्यामुळे फोटोत ते छिद्र दिसले की पुढे विचारपूसही करू नये.

माइनिंगने नक्की काय झिजते

पंचवटीतल्या कार्डाकडे जाण्यापूर्वी माइनिंगविषयीचा एक समज तपासायला हवा. “माइनिंगचे कार्ड म्हणजे जळालेले कार्ड” असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही.

या कार्डांवर मुख्यतः इथेरियम या आभासी चलनाचे माइनिंग होत असे. त्या कामात चिपच्या गणितापेक्षा मेमरीतून माहिती किती वेगाने ये-जा करते याला महत्त्व असते. म्हणून माइनिंग करणारे लोक चिपचा वेग आणि व्होल्टेज कमी करत, वीज वाचवत आणि मेमरी मात्र ठरलेल्या वेगापेक्षा वर पळवत. परिणामी चिप बहुधा गेमिंगपेक्षा थंड राही आणि तापमान दिवसरात्र एकसारखे असल्यामुळे तापणे-निवणे या चक्राचा ताणही तिच्यावर कमी पडे. खरा मार बसतो तो तीन गोष्टींवर. महिनोन्‌महिने अखंड फिरणारे पंखे, मर्यादेबाहेर पळवलेल्या मेमरी चिप, आणि चिपची उष्णता आवरणाकडे नेणारी पेस्ट व पॅड.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या दिवसापासून ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे माइनिंग संपले. ४ जीबीची कार्डे त्याआधीच, डिसेंबर २०२० च्या सुमारास बाद झाली होती, कारण माइनिंगसाठी मेमरीत ठेवावी लागणारी फाइल तोपर्यंत ४ जीबीच्या पलीकडे वाढली होती. याचा अर्थ ८ जीबीचे ५८० हे २०१७ पासून २०२२ पर्यंत पाच वर्षे अहोरात्र चाललेले असू शकते. हार्ड डिस्क आपले चाललेले तास मोजून ठेवते, तशी नोंद या कार्डात कुठेही नसते. त्यामुळे “फक्त गेमिंग” या शब्दांची शहानिशा खुणांवरूनच करावी लागते. एवढी सगळी माइनिंगची कार्डे गेली तरी कुठे, असा प्रश्न पडावा, इतक्या एकमुखाने प्रत्येक विक्रेता हे दोन शब्द लिहितो.

पंचवटीतले कार्ड

हे कार्ड एका नावाजलेल्या कंपनीचे होते आणि किंमत ६,५०० रुपये सांगितली होती. विक्रेत्याच्या संगणकावर ते झकास चालत होते. आम्ही ते काढून हातात घेतले आणि खिडकीशी नेले.

कडेने, बोर्ड आणि आवरण यांच्यामधल्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा मेमरी चिपच्या आसपास तेलकट चकाकी दिसली. पॅड दीर्घकाळ तापत राहिले की त्यांतील सिलिकॉनचे तेल पाझरते. ते बोर्डाला सहसा बाधत नाही, पण कार्ड खूप राबल्याची ती चांगली साक्ष आहे. मागच्या बाजूला वीजपुरवठ्याच्या भागाजवळ बोर्डाचा रंग थोडा तपकिरी पडला होता. चार मुख्य स्क्रूंपैकी एकावरचे स्टिकर गायब होते आणि स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाच्या खुणा होत्या. पंख्याचे पाते बोटाने हलवले तेव्हा एक पंखा सुरळीत फिरला, पण दुसरा किंचित खरखरला आणि लगेच थांबला. हा दुसरा पंखा पाच वर्षांची कहाणी सांगत होता.

उलट बाजूही सांगायला हवी. धूळ हा दोष नाही. नाशकात वर्षभर चाललेल्या कोणत्याही कार्डावर धूळ बसणारच आणि तिच्यावरून माइनिंग सिद्ध होत नाही. भीती वाटावी ती अतिस्वच्छ जुन्या कार्डाची, कारण माइनिंगची कार्डे विकण्यापूर्वी अनेकदा द्रावणाने किंवा चक्क पाण्याने धुतली जातात. धुतलेल्या कार्डावर सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढुरकी साय राहते. मागच्या धातूच्या पट्टीवर किंवा स्क्रूंवर गंज असेल, तर कार्ड मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत राहिले असावे किंवा ओले झाले असावे. नाशकाच्या कोरड्या हवेत घरातल्या कार्डाला असा गंज सहसा चढत नाही.

आता कार्ड भाच्याच्या यंत्रात बसवले. चित्र आले, पण मोठमोठ्या अक्षरांचे. ड्रायव्हर टाकला तरी तसेच राहिले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह `Code 43` दिसू लागले. विक्रेता म्हणाला, “अहो, माझ्याकडे आत्ता चालत होतं ना! तुमच्याच पीसीत काहीतरी प्रॉब्लेम असेल.”

प्रॉब्लेम पीसीत नव्हता, बायॉसमध्ये होता. या पिढीच्या कार्डांवर माइनिंग करणारे बायॉसमधील मेमरीचे वेळापत्रक बदलत असत. एएमडीचा ड्रायव्हर बायॉसची सही तपासतो आणि ती जुळली नाही तर कार्ड चालू करण्यास नकार देतो. माइनिंगवाले एका छोट्या प्रोग्रॅमने ड्रायव्हरमधील ही तपासणीच काढून टाकत. विक्रेत्याच्या संगणकावर तसा मोडका ड्रायव्हर होता, म्हणून तेथे सगळे सुरळीत दिसत होते. त्याच्याच यंत्रावर पाहून आम्ही कार्ड घरी आणले असते, तर घरी आल्यावर ते “बंद” पडले असते. रिक्षाचे भाडे येथे वसूल झाले.

GPU-Z ने बाकीचे सांगितले. शेडर २३०४ होते, म्हणजे कार्ड अस्सल ५८० होते. मात्र `Default Clock` हा रकाना, जो बायॉसमध्ये लिहिलेला वेग दाखवतो, तेथे चिपसाठी ११५० आणि मेमरीसाठी २१०० मेगाहर्ट्झ होते. ५८० चा कंपनीने ठरवलेला वरचा वेग १३४० आहे आणि मेमरीचा २०००. चिप खाली आणि मेमरी वर ही माइनिंगची स्वाक्षरीच म्हणावी लागेल. कोणताही गेम खेळणारा माणूस आपल्या कार्डाचा वेग स्वतःहून ११५० वर आणून ठेवत नाही.

आम्ही त्या तरुणाला आकडे दाखवले. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, की ही कार्डे त्याच्या मित्राने सहा नगांत घेतली होती आणि हे शेवटचे उरले आहे. मित्र खरा होता की काल्पनिक हे आम्ही विचारले नाही.

आम्ही तेथून निघालो नाही, याला एक कारण होते. या कार्डाच्या वरच्या कडेला एक अगदी लहान सरकबटण होते. काही कार्डांवर दोन बायॉस असतात आणि बटणाने त्यांपैकी एक निवडता येतो. माइनिंग करणारे बहुधा एकच बदलतात आणि दुसरा अडचणीच्या वेळी असावा म्हणून तसाच ठेवतात. संगणक पूर्ण बंद करून, वीज काढून बटण दुसऱ्या बाजूला सरकवले. पुन्हा चालू केल्यावर ड्रायव्हर लागला आणि `Default Clock` मध्ये मेमरी २००० व चिप १३०० च्या वर, कंपनीच्या वेगावर दिसली. असे बटण नसलेल्या कार्डावर मूळ बायॉस पुन्हा चढवता येतो. परंतु त्यासाठी तोच बोर्ड आणि त्याच कंपनीच्या मेमरी चिपला चालणारा बायॉस शोधावा लागतो आणि चूक झाली तर कार्ड चित्र देणेच थांबवू शकते. विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या कार्डावर हा प्रयोग करू नये आणि “घरी जाऊन बायॉस टाका, चालेल” या आश्वासनावर पैसेही देऊ नयेत.

आता खरी परीक्षा मेमरीची होती. HWiNFO64 या पिढीच्या एएमडी कार्डांसाठी `GPU Memory Errors` नावाची एक ओळ दाखवतो. मेमरीतून माहिती नेताना झालेल्या आणि कार्डाने पकडलेल्या चुकांची ती मोजणी असते. एकेकाळी माइनिंग करणारेच हा आकडा पाहून मेमरी किती पळवायची ते ठरवत. कंपनीच्या मूळ वेगावर तो शून्यच राहायला हवा. शून्यावरून वर चढत गेला, तर मेमरी थकली आहे असे समजावे, मग पडद्यावर अजून काहीही बिघाड दिसत नसला तरीही. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा उभ्या रेषा दिसतात त्या यापुढच्या टप्प्यात, आणि त्या दिसल्या तर किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नये.

Heaven लावून आम्ही चहा घेत अर्धा तास बसलो. पाच मिनिटांची चाचणी येथे पुरत नाही, कारण मेमरीतील कमजोर जागा कार्ड पूर्ण तापल्यावरच उघड होतात. अर्ध्या तासानंतर चुकांचा आकडा शून्य होता. तापमान मात्र ८४ अंशांवर गेले होते आणि पंखे मिनिटाला २,९०० फेऱ्यांच्या आवाजाने भणाणत होते. खोलीत साधारण ३३ अंश होते हे धरले तरी, पेस्ट चांगली असलेले असे कार्ड सत्तरीच्या मध्यात थांबायला हवे. ८४ अंशांचा अर्थ चिप बिघडली असा नव्हे, तर पेस्ट वाळली आणि एक पंखा जवळजवळ संपला असा होता. या दोन्ही गोष्टी बदलता येतात. मेमरी बदलणे हे घरचे काम नाही.

म्हणून बोलणी या हिशेबावर झाली. चिप आणि मेमरी निरोगी, पंखा बदलावा लागणार, पेस्ट आणि पॅड बदलावे लागणार, वॉरंटी संपलेली, आणि “फक्त गेमिंग” हे शब्द खोटे. व्यवहार ४,८०० रुपयांना ठरला. कार्डाचा अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि सात दिवसांत मेमरीत दोष आढळल्यास परत घेण्याची कबुली एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आणि पैसे रोख न देता विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर पाठवले, म्हणजे नंतर वाद झाला तर नोंद राहील.

घरी आल्यावर पेस्ट बदलताना एकाच बाबतीत थांबावे लागले. मेमरीवरचे पॅड किती जाडीचे हवेत हे प्रत्येक कार्डात वेगळे असते. जास्त जाड बसवले तर आवरण चिपवर नीट टेकत नाही आणि पातळ बसवले तर मेमरी उघडी पडते. जुने पॅड दबलेले असतात, त्यामुळे त्यांची जाडी जशीच्या तशी मोजून चालत नाही. जेथे दाब पडलेला नाही अशा कडेला मोजावी. भाच्याने तसे मोजून नवे पॅड घेतले आणि पंख्यांची जोडी मागवली. पुन्हा Heaven लावल्यावर अर्ध्या तासाने तापमान ७३ अंशांवर स्थिरावले आणि चुकांचा आकडा शून्यच राहिला. सात दिवसांच्या मुदतीत त्याने ही चाचणी आणखी दोनदा केली, त्यांतील एक भर दुपारी, पंखा बंद ठेवलेल्या खोलीत.